इंजिनात हवा किती गेली? मॅप आणि मॅफच्या आकड्यांची स्वतः पडताळणी

गाडी आयडलिंगला दचकते, पिकअप पडलंय, स्कॅनर लावला तर ‘मिश्रण पातळ’ असा कोड येतो. मग सेन्सर बदलला जातो. महिन्याभराने तोच कोड पुन्हा येतो आणि जुना सेन्सर चांगला होता हे तेव्हा कळतं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे इतक्या वेळा पाहिलंय की ही पडताळणी एकदा सविस्तर लिहून ठेवावी असं वाटलं. यासाठी एक साधा ओबीडी स्कॅनर, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि साधारण तासभर वेळ पुरतो.

गोंधळाचं मूळ एकाच गोष्टीत आहे. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला हवेचं वजन लागतं, आणि ते वजन गाडीत दोन वेगळ्या वाटांनी काढलं जातं. मास एअरफ्लो पद्धतीत एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला मॅफ सेन्सर वाहत्या हवेचं वजनच मोजतो. त्यातली तापवलेली तार किंवा पातळ पट्टी हवेमुळे थंड होत राहते, आणि तिचं तापमान टिकवायला लागणाऱ्या विजेवरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली हे कळतं. स्पीड-डेन्सिटी पद्धतीत हवेचं वजन कोणीच मोजत नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब सांगतो, दुसरा सेन्सर हवेचं तापमान सांगतो, क्रँक सेन्सर आरपीएम सांगतो आणि उरलेलं ईसीयू गणिताने काढतो.

म्हणून बिघाड एकच असला तरी दोन गाड्यांत त्याच्या खुणा वेगळ्या, कधी तर उलट्या दिसतात. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले दोन वगळले तर नंतरच्या आकडेमोडीला अर्थ राहत नाही.

## टप्पा १: गाडी कोणत्या पद्धतीवर चालते ते ठरवा

बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा जाड पाइप बघा. डब्याला लागूनच पाइपात घुसवलेला, सहसा चार-पाच वायरींचा सेन्सर असेल तर तो मॅफ. मॅप सेन्सर थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डवर थेट किंवा बारीक नळीने जोडलेला असतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्या फक्त मॅपवर चालतात. काही गाड्यांत दोन्ही असतात, आणि पडताळणीला त्याच सगळ्यात सोप्या.

फक्त मोबाइल अॅपवर विसंबू नका. मॅफ नसलेल्या गाडीतही कित्येक अॅप्स मॅफचा आकडा दाखवतात. तो आकडा अॅपने स्वतःच मॅप आणि आरपीएमवरून काढलेला असतो. त्यासाठी लागणारं इंजिनाचं आकारमान आणि सिलिंडर भरण्याचं प्रमाण तुम्ही कधीतरी अॅपमध्ये भरलेलं असतं, किंवा त्याचं ठोकळ मूल्य तसंच राहिलेलं असतं. अशा आकड्यावरून सेन्सर खराब ठरवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या गाडीत तो सेन्सर नव्हताच.

तपासणी: स्कॅनरच्या टर्मिनलमध्ये `0110` ही आज्ञा द्या. `NO DATA` आलं तर गाडी मॅफचा आकडा देत नाही. `41 10` ने सुरू होणारं उत्तर आलं तर तो आकडा गाडीचा स्वतःचा आहे.

## टप्पा २: तयारी, आणि दाबाची पहिली खात्री

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला की पुरे. एसी, दिवे, काचेमागचा हीटर बंद ठेवा. एअर फिल्टर जागेवर नीट बसलेला हवा आणि डब्याच्या सगळ्या क्लिपा लागलेल्या हव्यात.

आता इंजिन बंद करून फक्त चावी ‘ऑन’ करा आणि मॅपचा आकडा वाचा. इंजिन फिरत नसताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याइतकाच दाब असतो, म्हणून हा आकडा तुमच्या गावच्या हवेच्या दाबाशी जुळायला हवा. मुंबईत तो साधारण १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास येतो.

इशारा: हा आकडा हवामानाच्या अॅपशी ताडू नका. अॅप पुण्यातही १००८-१०१० हेक्टोपास्कल, म्हणजे जवळपास १०१ किलोपास्कल दाखवतं, कारण तो दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. मॅप सेन्सर खरा, जागेवरचा दाब वाचतो. पुण्यात ९५ दिसले म्हणून सेन्सर सहा किलोपास्कल कमी दाखवतोय असं नाही, तो बरोबरच सांगतोय.

गावच्या खऱ्या दाबापेक्षा तीन-चार किलोपास्कलहून जास्त फरक दिसला तर इथेच थांबा. आधी कनेक्टर, नळी आणि सेन्सर बघा.

## टप्पा ३: आकडे उतरवून घ्या

इंजिन सुरू करा आणि आयडलिंगला अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या. मग हे आकडे शक्यतो एकाच क्षणाचे कागदावर घ्या. माझ्या कागदावरची एक ओळ अशी होती, गाडी १.२ लिटरची, नेमकं सांगायचं तर १.१९७ लिटरची, चार सिलिंडरची, मॅप आणि मॅफ दोन्ही असलेली:

```
010C -> 41 0C 0B B8   750 rpm
010B -> 41 0B 20      32 kPa
010F -> 41 0F 52      42 °C
0110 -> 41 10 00 AA   1.70 g/s
```

उत्तरं सोळाच्या पायाच्या अंकांत येतात. `20` म्हणजे ३२, आणि तोच मॅपचा दाब. `52` म्हणजे ८२, त्यातून ४० वजा केले की तापमान ४२ अंश. `0BB8` म्हणजे ३०००, त्याला चारने भागलं की ७५० आरपीएम. `00AA` म्हणजे १७०, त्याला शंभरने भागलं की १.७० ग्रॅम. अॅप हे सगळं स्वतःच करतं, पण एकदा हाताने करून पाहिलं की अॅप कुठे स्वतःची भर घालतंय ते लगेच लक्षात येतं.

सोबत फ्युएल ट्रिमचे दोन आकडेही घ्या: तात्पुरता `0106` आणि दीर्घ `0107`. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतं किंवा कमी करतं तो ट्रिम; वाढवलं तर अधिक, कमी केलं तर वजा. पुढे ‘ट्रिम’ म्हणताना मी या दोघांची बेरीज धरली आहे.

दुसरी ओळ सपाट रस्त्यावर, चालत्या गाडीत, २५०० आरपीएम स्थिर ठेवून घ्यायची. वाचायला शेजारी माणूस बसवा. गाडी चालवताना स्वतः स्क्रीनकडे बघायचं नाही.

## टप्पा ४: हाताने गणित

सूत्र एवढंच आहे:

```
g/s = P × V / (0.287 × T) × rpm/120 × VE
```

P म्हणजे मॅपचा दाब किलोपास्कलमध्ये, V म्हणजे पूर्ण इंजिनाचं आकारमान लिटरमध्ये, T म्हणजे तापमान केल्व्हिनमध्ये. VE म्हणजे सिलिंडर खरोखर किती भरला याचं प्रमाण. सध्या ते १ धरा, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला असं समजा.

आयडलिंगचे आकडे घालू. ३२ गुणिले १.१९७ म्हणजे ३८.३. खाली ०.२८७ गुणिले ३१५ म्हणजे ९०.४. भागाकार ०.४२४ ग्रॅम, म्हणजे चारही सिलिंडर एकदा भरायला लागणारी हवा. ७५० ला १२० ने भागलं की दर सेकंदाला ६.२५ वेळा. दोन्हींचा गुणाकार २.६५ ग्रॅम प्रतिसेकंद.

इथे तीन चुका कायम होतात. पहिली तापमानाची: ४२ अंश तसेच घातले तर उत्तर साडेसात पट फुगतं, त्यात २७३ मिळवायलाच हवेत. दुसरी फेऱ्यांची: चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणून भागायचं १२० ने. ६० ने भागलं की उत्तर दुप्पट येतं. तिसरी दाबाची: व्हॅक्यूम गेजवरचा आकडा सूत्रात चालत नाही. गेज बाहेरच्या दाबापेक्षा किती कमी ते सांगतो. पुण्यात गेजवर ६३ किलोपास्कल व्हॅक्यूम दिसला तर मॅनिफोल्डमधला दाब ९५ वजा ६३, म्हणजे ३२.

तपासणी: उत्तर मॅफच्या आकड्यापेक्षा मोठं यायला हवं. बिनटर्बोच्या साध्या इंजिनात आयडलिंगला ते लहान आलं तर आकडेमोडीत चूक आहे, किंवा मॅफ नाहीतर मॅपपैकी कोणीतरी चुकीचं बोलतंय.

## टप्पा ५: भरण्याचं प्रमाण काढा

मॅफचा १.७० भागिले २.६५ म्हणजे ०.६४. आयडलिंगला सिलिंडर ६४ टक्के भरतोय. हे पटण्यासारखं आहे, कारण बंद थ्रॉटलवर मॅनिफोल्डमधला दाब इतका कमी असतो की आधीचा जळलेला वायू बराचसा आतच राहतो आणि ताज्या हवेची जागा खातो.

हे प्रमाण कोणताही सेन्सर मोजत नाही. कंपनीने इंजिन टेस्ट बेंचवर फिरवून त्याचा तक्ता केलेला असतो, आरपीएम आणि दाबाप्रमाणे, आणि ईसीयू तो तक्ता वाचतो. कॅमचं टायमिंग, व्हॉल्व्हची फट, सायलेन्सरचा अडथळा, मॅनिफोल्डमधल्या हवेच्या लहरी हे सगळं त्या एका आकड्यात मावलेलं असतं. यातलं काही पुढे बदललं तरी तक्त्याला ते कळत नाही. स्पीड-डेन्सिटीची मर्यादा हीच.

टायमिंग बेल्ट एक दात सरकला असं समजा. सिलिंडर आता नीट भरत नाही आणि आयडलिंगचा मॅप ३२ ऐवजी ४० दाखवतो. फक्त मॅपवरची गाडी दाब वाढलेला बघून हवा वाढली असं समजते आणि पेट्रोल वाढवते. मिश्रण घट्ट होतं, ट्रिम वजा होतो. मॅफची गाडी मात्र हवा तोलूनच घेते, त्यामुळे ताकद गेली तरी तिचा ट्रिम फारसा हलत नाही. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तरी चित्र साधारण असंच दिसतं. म्हणून मॅपच्या गाडीत आयडलिंगचा दाब जास्त आणि ट्रिम वजा अशी जोडी दिसली की सेन्सर मागवायच्या आधी टायमिंगच्या खुणा, व्हॉल्व्हची फट आणि एक्झॉस्ट तपासा.

## टप्पा ६: हवेची गळती, दोन गाड्यांत दोन चेहरे

सगळ्यात जास्त सेन्सर इथेच वाया जातात.

मॅफच्या गाडीत थ्रॉटलच्या पलीकडे पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू परत मॅनिफोल्डमध्ये आणणारा, रबरी पाइप चिरला आहे आणि तिथून दर सेकंदाला ०.३ ग्रॅम हवा आत शिरतेय असं समजा. आयडलिंगला इंजिन १.७ ग्रॅम घेतं, पण मॅफला त्यातले १.४ च दिसतात. पेट्रोल १.४ च्या हिशोबाने सुटतं आणि ऑक्सिजन सेन्सरला ते २१ टक्के वाढवावं लागतं. ट्रिम अधिक २१. आता रस्त्यावर २५०० आरपीएमला इंजिन १०.८ ग्रॅम घेतंय. चिरेतून अजूनही साधारण तेवढेच ०.३ ग्रॅम येतात, कारण मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली असला की भोकातून जाणारी हवा आणखी वाढत नाही. ०.३ भागिले १०.५, म्हणजे ट्रिम अधिक ३. आयडलिंगला मोठा आणि वेगात विरून जाणारा अधिक ट्रिम ही गळतीची सही आहे.

हीच चीर फक्त मॅपच्या गाडीत असेल तर ट्रिम जवळपास शून्यावर राहतो. बाहेरून आलेली हवाही मॅनिफोल्डचा दाब वाढवते, मॅप तो वाचतो आणि ईसीयू त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देतं. इथे खूण आरपीएममध्ये शोधायची. आयडलिंग वाढलेलं असतं, किंवा ते आवरायला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेलं दिसतं. चीर एकाच सिलिंडरच्या नळीजवळ असली तर तेवढाच सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतो आणि आयडलिंगला ठोका चुकतो.

इशारा: गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका. आग लागते. धुराचं यंत्र नसेल तर संशयित पाइप पक्कडीने अलगद दाबून बंद करा आणि ट्रिम किंवा आरपीएम बदलतो का ते बघा.

## टप्पा ७: मॅफ खरंच कमी दाखवतोय का?

आता त्याच गाडीची रस्त्यावरची ओळ. २५०० आरपीएम, मॅप ५०, तापमान ४०, मॅफ ९.२ ग्रॅम, ट्रिम अधिक १७. आयडलिंगला मात्र ट्रिम फक्त अधिक ४ होता.

ट्रिमची चाल गळतीच्या उलटी आहे, वेगाबरोबर तो वाढतोय. गणित केलं: ५० गुणिले १.१९७ भागिले ८९.८, म्हणजे ०.६६६ ग्रॅम. गुणिले २०.८३, म्हणजे १३.९ ग्रॅम. मॅफप्रमाणे भरण्याचं प्रमाण ९.२ भागिले १३.९, म्हणजे ६६ टक्के. तंदुरुस्त इंजिन अशा भाराला ७५-८० टक्के तरी भरायला हवं. आता ट्रिमची साक्ष घेऊ: ९.२ गुणिले १.१७ म्हणजे १०.८, आणि १०.८ भागिले १३.९ म्हणजे ७८ टक्के. ऑक्सिजन सेन्सर आणि मॅप एका बाजूला, मॅफ एकटा दुसऱ्या बाजूला.

तरी एक शंका उरते. पेट्रोलचा दाब पडला असेल किंवा इंजेक्टर चोंदले असतील तरी ट्रिम अधिकच होतो. पण तेव्हा मॅफ आणि मॅपचं गणित एकमेकांशी जुळलेलं राहतं, भरण्याचं प्रमाण ७८ च्या आसपास येतं आणि फक्त ट्रिम वेगळा पडतो. म्हणून आधी प्रमाण काढायचं आणि मग ट्रिम बघायचा. क्रम उलटा केला की पेट्रोलच्या बाजूचा दोष हवेवर ढकलला जातो.

खात्रीसाठी मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गियरमध्ये, पाय पूर्ण दाबून ४००० आरपीएमचा आकडा घेतला. मॅप ९३, तापमान ४०, सूत्राने ४१.३ ग्रॅम येतात. मॅफने दाखवले २९. म्हणजे ७० टक्के, जिथे ९० च्या आसपास यायला हवे होते. सेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात धरला तर बारीक पट्टीवर तेलकट धुळीचा पिवळसर थर होता. गाडीत तेल लावलेला कापडी फिल्टर बसवलेला होता आणि धुऊन झाल्यावर त्याला तेल जास्त लागलं होतं. थर चढला की पट्टीची उष्णता हवेपर्यंत नीट पोचत नाही, आणि प्रवाह जितका जास्त तितकी तूट मोठी.

सफाई मॅफसाठीच्या स्प्रेनेच करायची. कापूस, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा यातलं काहीही लावायचं नाही, पट्टी तुटते. दहा-पंधरा फवारे मारून पूर्ण वाळू द्यायचा, मग बसवायचा. बसवताना बाणाची दिशा बघा. त्या गाडीत सफाईनंतर, कागदी फिल्टर घालून, २५०० ला १०.७ ग्रॅम आणि ट्रिम अधिक ३ आला. नवीन सेन्सर लागला नाही.

## टप्पा ८: सेन्सरवर आळ घेण्याआधी दोन गोष्टी

एक म्हणजे उन्हाळ्यातली ट्रॅफिक. तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डवर असेल तर गाडी उभी राहिल्यावर तो स्वतःच तापतो. त्याने ६५ सांगितले आणि आत जाणारी हवा खरी ४५ ची असली, तर ३३८ भागिले ३१८, म्हणजे खरी हवा हिशोबापेक्षा सहा टक्के जास्त जाते आणि मिश्रण तेवढं पातळ होतं. पाच-सात मिनिटं गाडी पळवली की फरक जातो. म्हणून सिग्नलवरून आल्या आल्या आकडे घेऊ नका. मॅफच्या गाडीला हा त्रास जवळपास होत नाही.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. हवेचा अंदाज तंतोतंत बरोबर असला तरी १४.७ धरून चालणाऱ्या ईसीयूला पेट्रोल आठ-नऊ टक्के वाढवावंच लागतं. मात्र हा ट्रिम आयडलिंगला आणि रस्त्यावर जवळपास सारखाच असतो. दोन्हीकडे अधिक ८ दिसलं आणि भरण्याचं प्रमाण ठीक आलं, तर हवेच्या बाजूला हात लावू नका.

दुरुस्तीनंतर एक काम लोक हमखास विसरतात. दीर्घ ट्रिमची जुनी शिकवण ईसीयूत तशीच राहते, आणि सफाई झालेली गाडी पहिले काही किलोमीटर उलट घट्ट मिश्रणावर चालते. स्कॅनरने कोड आणि ट्रिम पुसा, वीस-पंचवीस किलोमीटर शहरात आणि हायवेवर मिळून चालवा, आणि मग त्याच कागदावर, त्याच आरपीएमला दोन्ही ओळी पुन्हा घ्या.